रसातलं क जीवनसत्त्व: रीडिंग जुळतात, पण आकडा खरा आहे का?

रसातलं क जीवनसत्त्व मी आयोडिनच्या टायट्रेशनने मोजते: सोडलेलं आयोडिन आधी क जीवनसत्त्व खातं, आणि ते संपलं की पुढचा थेंब स्टार्चला निळं करतो. मागच्या नोंदीनंतर ही रीडिंग एकमेकांशी छान जुळायला लागली होती. डबाबंद संत्र्याच्या रसाचे २० मिली घेतले, स्टार्चचे थेंब टाकले आणि ब्युरेटमधून आयोडिन सोडलं: ९.४०, ९.३५, ९.४०. सरासरी ९.३८ मिली. बाटलीवर ०.००५ मोलर लिहिलेलं, म्हणजे १ मिली आयोडिनला ०.८८ मिग्रॅ ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व. त्या हिशोबाने १०० मिली रसात ४१.३ मिग्रॅ. रीडिंग इतकी जुळली की आकड्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. तिन्ही वेळा चूक एकाच दिशेने होत असेल तर रीडिंग जुळणारच.

पहिला संशय आयोडिनवर. पोटॅशियम आयोडाइडमध्ये विरघळवलं तरी ते हळूहळू उडतंच. बाटली उघडताच येणारा वास म्हणजे तेच. म्हणून शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लाचं १ मिग्रॅ प्रति मिलीचं द्रावण डिस्टिल्ड वॉटरमध्ये ताजं बनवलं आणि त्यातल्या १० मिलीचं टायट्रेशन केलं. लागायला हवं होतं ११.३६ मिली, लागलं १२.१. म्हणजे १ मिली आयोडिन आता ०.८२६ मिग्रॅचंच काम करतं. रसाचा आकडा ४१.३ वरून ३८.८ वर आला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे चुकीची दिशा: आयोडिन अशक्त झालं की ते जास्त लागतं आणि रस उगाच समृद्ध दिसतो. शुद्ध आम्लाचं हे प्रमाण द्रावण आदल्या दिवशीचं वापरलं तरी तेच होतं. त्यातलं काही आम्ल हवेने आधीच खाल्लेलं असतं, आयोडिन कमी लागतं, आणि ते आहे त्याहून कडक आहे असा आपला समज होतो. म्हणून आता दोन्ही एकाच बैठकीत: आधी प्रमाण द्रावण, लगेच रस.

नेमक्या कुठल्या थेंबाला थांबायचं याबद्दल आपल्यात बरीच चर्चा होते. पिवळ्या रसात निळा रंग आधी मळकट हिरवट दिसतो, थांबायचं कुठे हे कळत नाही, हे खरंच. पण एक थेंब साधारण ०.०५ मिली, म्हणजे १०० मिली रसामागे ०.२ मिग्रॅ. आयोडिनच्या ताकदीमुळे पडलेला फरक अडीच मिग्रॅचा होता. आधी तो निस्तरावा, मग थेंबावर भांडावं. मी टायट्रेशन न केलेला रस शेजारी ठेवते आणि ढवळल्यावर अर्धा मिनिट टिकणारा पहिला बदल पकडते.

यानंतर रसात मुद्दाम ५ मिग्रॅ ॲस्कॉर्बिक आम्ल घालून पाहिलं. वाढ ६.०५ मिलीची हवी होती, झाली ५.९०, म्हणजे घातलेल्यातलं साडेसत्त्याण्णव टक्के परत सापडलं. इथे बरेच जण समाधानाने वही मिटतात. पण ही चाचणी घातलेलं आम्ल सापडतं का एवढंच सांगते. रसात आयोडिन खाणारं दुसरं काही असेल तर ते दोन्ही रीडिंगमध्ये सारखंच असतं आणि वजाबाकीत निघून जातं.

डबाबंद रसात असा पाहुणा बहुधा सल्फाइट असतो, टिकाऊपणासाठी घातलेला. मोलला मोल या हिशोबाने तोही ॲस्कॉर्बिक आम्लाइतकंच आयोडिन खातो, पण वजनाने खूप हलका: सल्फर डायऑक्साइड म्हणून मोजला तर त्याचा १ मिग्रॅ २.७५ मिग्रॅ क जीवनसत्त्व असल्याचं भासवतो. निळा रंग येऊन पुन्हापुन्हा विरत होता, त्यावरून शंका आली. शर्करांना बांधलेला सल्फाइट हळूहळू सुटत असेल तर असंच दिसतं.

उपाय ॲसिटोनचा, तो सल्फाइटला धरून ठेवतो. २० मिली रसात थोडा घातला, काही मिनिटं थांबले आणि मग टायट्रेशन केलं: ८.६५ मिली. म्हणजे ०.७३ मिली आयोडिन क जीवनसत्त्वाने खाल्लंच नव्हतं. हिशोब केला तर लिटरमागे साधारण ११ मिग्रॅ सल्फर डायऑक्साइड निघतो, आणि रसाचा आकडा उतरतो ३५.७ वर. ४१.३ पासून इथवर, आणि तीही रीडिंग तितकीच जुळलेली!

ॲसिटोन जपून वापरा. आम्लात तो स्वतःही आयोडिनशी हळूहळू अभिक्रिया करतो, त्यामुळे अंत्यबिंदूचा निळा रंग फिका पडतो, शिवाय त्यातून तयार होणारं संयुग डोळ्यांना झोंबतं. थोडाच घ्या, खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. तेवढाच ॲसिटोन प्रमाण द्रावणातही घालून पाहिला, १२.१ चं रीडिंग हललं नाही, तेव्हाच ८.६५ वर विश्वास ठेवला.

राहिली ती टायट्रेशनच्या आधीची गळती. रस गाळेपर्यंत हवा लागते, तांब्याचा अंश असेल तर ऑक्सिडेशन आणखी जोरात होतं, आणि असं ऑक्सिडाइज झालेलं जीवनसत्त्व आयोडिनला दिसतच नाही. पुढच्या खेपेला ५ मिग्रॅ टायट्रेशनच्या तोंडावर न घालता गाळण्याआधीच घालणार आहे, म्हणजे वाटेतली गळतीही मोजली जाईल.