412 चा शेअर 414 ला कसा पडला: डिमॅट आणि कॉन्ट्रॅक्ट नोट जुळवताना

आमचे बाबा निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, त्यामुळे हिशोबात पैशाचा फरक आला तरी त्यांना झोप लागत नाही. जानेवारी 2025 मध्ये मी त्यांच्या डिमॅटमध्ये एका कंपनीचे 100 शेअर घेतले, ट्रेडिंग खात्यात 41,500 भरले होते. एप्रिलमध्ये ते चष्मा लावून बसले आणि म्हणाले, "ॲप म्हणतंय 412.28, आणि ह्या डिपॉझिटरीच्या कागदावर 398. मग घेतला कितीला?"

मलाही पटकन सांगता येईना. 😅

पहिली गोष्ट कळली ती ही की डिपॉझिटरीच्या, म्हणजे आपले शेअर जिथं जमा असतात त्या संस्थेच्या, होल्डिंग स्टेटमेंटात खरेदीचा भाव नसतोच. तिथं ISIN म्हणजे त्या शेअरचा ओळख क्रमांक, शेअरची संख्या आणि त्या तारखेचा बाजारभाव, बस्स. 398 म्हणजे 31 मार्चच्या स्टेटमेंटला लावलेला बंद भाव, आपल्या खरेदीशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे स्टेटमेंटवरून फक्त नग जुळवायचे, पैसे जुळवायचे ते कॉन्ट्रॅक्ट नोटवरून, म्हणजे सौद्याच्या दिवशी ब्रोकर पाठवतो त्या बिलावरून. बाबांना म्हटलं, ही अडत्याची पट्टी समजा, मालाचा भाव वर आणि हमाली, तोलाई, अडत खाली. मग त्यांची गाडी रुळावर आली.

मेलमधून त्या दिवशीची पीडीएफ काढली. ऑर्डर एकच होती पण भरली तीन तुकड्यांत, 37 शेअर 412.00 ला, 13 शेअर 412.20 ला आणि 50 शेअर 412.50 ला. मी आधी तीन भावांची नुसती सरासरी काढली, 412.23 आली आणि ॲपशी जुळेना, अर्धा तास त्यातच गेला. नगाला भावाने गुणून बेरीज करायची असते हे बाबांनीच सांगितलं, वखारीत बोदांचं वजन असंच करायचे म्हणे. बेरीज 41,227.60, भागिले 100, म्हणजे 412.28. ॲप बरोबर होतं, पण ते खर्च धरत नव्हतं.

आता खालची पट्टी. आमच्या ब्रोकरची दलाली 0.30 टक्के, म्हणजे 123.68. एक्सचेंजचा चार्ज 1.22, सेबीची फी 4 पैसे. ह्या तिन्हींवर मिळून 18 टक्के जीएसटी 22.49, मालाच्या किमतीवर नाही हं. मग एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा सरकारी कर, 0.1 टक्का, पूर्ण रुपयात करून 41, आणि स्टॅम्प ड्युटी 0.015 टक्के, ती 6. सगळं मिळून 194.43, एकूण 41,422.03. म्हणजे शेअर पडला 414.22 ला.

मधेच कागलच्या चुलत भावाला फोन केला, त्याचा ब्रोकर तोच. त्याच्या नोटवर सीजीएसटी 9 आणि एसजीएसटी 9, आमच्यावर आयजीएसटी 18! मला वाटलं काहीतरी चुकलंय. पण ब्रोकरची नोंदणी महाराष्ट्रात, आमचा पत्ता कर्नाटकात, म्हणून. रक्कम तीच, फक्त नाव वेगळं. सीमाभागाचं हे पण एक!

नगांचा घोळ वेगळाच निघाला. ॲपमध्ये 120 शेअर आणि 31 मार्चच्या स्टेटमेंटात 100. बाबा लगेच म्हणाले, "20 खाल्ले की कोणीतरी!" ते 20 मी 28 मार्चला, शुक्रवारी घेतलेले. शेअर खात्यात यायला पुढचा कामकाजाचा दिवस लागतो आणि सोमवारी 31 ला ईदमुळे मार्केट बंद, मग ते त्या तारखेला डिमॅटमध्ये दिसणार कसे. एप्रिलचं ट्रान्झॅक्शन स्टेटमेंट काढलं, त्यात 20 जमा दिसले. नोटवरचा सेटलमेंट नंबर त्या नोंदीशी ताडून बघितला, तोच होता. कंपनीच्या नावावरून नाही तर ISIN वरून जुळवा, एकाच ग्रुपच्या दोन कंपन्यांची नावं छापताना सारखीच दिसतात.

आमच्या सीएंनी अजून एक सांगितलं, पुढं विकताना कॅपिटल गेन काढायला एसटीटी खर्चात धरता येत नाही. मग शीटमध्ये दोन कॉलम केले, खिशातून गेलेले 414.22 आणि करासाठीचे 413.81.

एवढं झाल्यावर बाबांनी ट्रेडिंग खात्याचं लेजर मागितलं. 41,500 मधून 41,422.03 गेले तर 77.97 उरायला पाहिजेत, तिथं 18.97 च. 59 रुपये कमी. कॉन्ट्रॅक्ट नोटवर कुठंच नाहीत, कारण ते खरेदीचे नव्हतेच, डिमॅटचं तिमाही मेंटेनन्स 50 अधिक जीएसटी 9. शेअरच्या किमतीत ते घालायचे नसतात म्हणून खाली वेगळी ओळ टाकली. बाबांनी त्यापुढं पेन्सिलीनं टिकमार्क केला आणि चष्मा काढून ठेवला.