फोटोतली गाडी तुमची नसेल तर

‘चलान आलंय, पण फोटोतली गाडी आमची नाहीच. नुसत्या अर्जाने रद्द होतं का, की दंड भरून मोकळं व्हावं?’

अर्जाने होतं. फक्त आधी पैसे भरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे दंड भरणं ही तडजोड असते. ती केली की प्रकरण तिथेच मिटतं, आणि मिटलेल्या प्रकरणाबद्दल अर्ज घेऊन गेलं तर खिडकीवरचा माणूस साहजिकच विचारतो, की मग भरलेत कशाला?

आमच्या इमारतीतल्या एका काकूंचं उदाहरण सांगते. त्यांच्याकडे राखाडी रंगाची स्कूटर आहे. मोबाइलवर मेसेज आला की तुमच्या वाहनाने दुसऱ्या शहरात सिग्नल तोडला. काकू चिडल्या आणि त्यांनी दोन पानी अर्ज लिहून काढला: मी ज्येष्ठ नागरिक आहे, इतकी वर्षं गाडी चालवते, कधी नियम मोडला नाही, त्या शहरात तर मी गेलेच नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता, पण समोरच्या अधिकाऱ्याला यातलं काहीच तपासता येत नाही. त्याच्यासमोर असतो चलानचा फोटो आणि तुमच्या आरसीवरची नोंद. त्याने मिनिटभरात स्वतः पडताळून पाहावी अशी एक गोष्ट अर्जात हवी. बाकी सगळं तिच्या मागे.

म्हणून आम्ही आधी mahatrafficechallan.gov.in वर चलान उघडलं आणि तपशील आणि फोटो दोन्हींचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवले. फोटो मोठा करून पाहिला तर ती चक्क मोटरसायकल होती, काळी, आणि तिच्या नंबरप्लेटचा स्क्रू नेमका एका आकड्यावर आला होता. त्यामुळे ३ लांबून ८ सारखा दिसत होता. काकूंच्या नंबरात त्या जागी ८ आहे. नंबर कॅमेऱ्याने वाचलेला असो की माणसाने, चूक होते ती बहुतेक अशीच. शून्य आणि इंग्रजी डी, आठ आणि बी, एक आणि सात या जोड्या आधी तपासून बघाव्यात.

मग दोन पानांचा अर्ज अर्ध्या पानावर आला. वर विषय, त्याखाली संदर्भ म्हणून चलान क्रमांक. मजकूर साधारण असा:

‘वरील चलानानुसार दि. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी सायंकाळी ६.४२ वाजता स्टेशन रोडवरील सिग्नलवर माझ्या वाहनाने लाल दिवा ओलांडल्याची नोंद आहे. चलानासोबतच्या छायाचित्रातील वाहन काळ्या रंगाची मोटरसायकल आहे. माझे वाहन आरसीप्रमाणे राखाडी रंगाची स्कूटर आहे. छायाचित्रातील नंबरप्लेटवरील तिसरा आकडा ३ असून स्क्रूमुळे तो ८ असा वाचला गेल्याचे दिसते. छायाचित्र, आरसीची प्रत आणि माझ्या वाहनाचे मागील बाजूचे छायाचित्र सोबत जोडले आहे. कृपया पडताळणी करून चलान रद्द करावे व तसे लेखी कळवावे.’

एवढंच. यात कुणावर आरोप नाही, आणि तो नसावाच. तारीख, वेळ आणि ठिकाण मात्र चलानावर आहे तसंच, अक्षरशः उतरवायचं. इथे खूप जण घसरतात, कारण मेसेज आल्याची तारीख आणि गुन्ह्याची तारीख एकच असेल असं नाही. मेसेज सोमवारी आला म्हणून सोमवारचे पुरावे गोळा करून आणलेले लोक मी पाहिलेत. घटना आदल्या आठवड्यातली होती.

गाडी दुसरीकडे होती याचा पुरावाही जोडावा, पण तो गाडीचा हवा. ऑफिसातली हजेरी किंवा मोबाइलचं लोकेशन दाखवलं तर ते तुम्ही कुठे होतात ते सांगतं. गाडी मुलगा घेऊन गेला असेल. त्यापेक्षा गॅरेजचं जॉब कार्ड, वाहन क्रमांक लिहिलेली पार्किंगची पावती, चारचाकी असेल तर फास्टॅगचा उतारा हे चालतं. सोसायटीच्या सीसीटीव्हीत गाडी उभी दिसत असेल तर चित्रण लगेच काढून घ्या, कारण जुन्या चित्रणावर नवं चढत राहतं.

फोटोच धड नसेल तर? केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७अ हा नियम आला. कॅमेऱ्यासारख्या यंत्रावरून काढलेल्या चलानासोबत काय काय असावं ते त्यात दिलंय: गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण, कोणतं कलम मोडलं ते, अधिकाऱ्याची सही. सूचना १५ दिवसांत पाठवावी असंही आहे. फोटो धूसर असेल तर या नियमाचा उल्लेख करून स्पष्ट फोटो मागा, तो तुमचा हक्क आहे. फक्त ‘सूचना उशिरा आली’ एवढ्याच मुद्द्यावर अर्ज उभा करू नये असं माझं मत आहे. तो मुद्दा शेवटी एका ओळीत यावा.

फोटोतल्या नंबरप्लेटवर हुबेहूब तुमचाच नंबर असेल आणि गाडी दुसरीच असेल, तर मात्र गोष्ट गंभीर आहे. ती वाचण्यातली चूक नव्हे, कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. अशा वेळी वाहतूक शाखेच्या अर्जासोबत आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार द्या. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर शोध तुमच्या दारापर्यंत येणार. तुमच्या गाडीला एचएसआरपी असेल तर तिच्यावर लेझरने कोरलेला क्रमांक दिसेल असा जवळून फोटो काढून जोडा. तो क्रमांक प्रत्येक प्लेटला वेगळा असतो.

अर्ज द्यायचा तो ज्या हद्दीत चलान झालं तिथल्या वाहतूक शाखेला, आपल्या गावातल्या नव्हे. महाट्रॅफिक अॅपवरही तक्रार नोंदवता येते, आणि मी ती आधी नोंदवायला सांगते, म्हणजे तक्रार क्रमांक कागदी अर्जात संदर्भ म्हणून टाकता येतो. कागद हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. लांबच्या शहरात पाठवायचा असेल तर पोचपावतीसह टपालाने.

अर्ज फेटाळला गेला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं होत नाही. चलान हा आरोप आहे, निर्णय दंडाधिकारी देतात. न्यायालयाची नोटीस आली तर टाळू नका; तोच अर्ज, पोच आणि फोटो घेऊन हजर राहा. लोकअदालतीत रक्कम कमी होऊ शकते, पण ती तडजोडच. गाडीच आपली नसेल तर मी ती सुचवत नाही.

काकूंचं चलान रद्द झालं. तरी मी त्यांना वेबसाइटवर वाहन क्रमांक टाकून पुन्हा बघायला लावलं, कारण रद्द झाल्याचं तोंडी कळणं आणि थकीत यादीतून नाव जाणं यात कधी कधी मध्ये बरेच दिवस जातात. यादी रिकामी दिसली की तिचाही स्क्रीनशॉट अर्जाच्या प्रतीसोबत ठेवा. गाडी विकायला काढाल तेव्हा तो लागू शकतो.