टायपोडॉन्ट अपडेट: ३६ वर क्लास टू, एमओ

क्लास वन आता बऱ्यापैकी हाताला बसलाय म्हणून यावेळी क्लास टू घेतला, खालची डावी पहिली मोलर, अमाल्गमसाठी.

आधी क्लासचं बोलू कारण ज्युनिअर्स तिथेच अडकतात. ब्लॅकच्या वर्गीकरणात बर कुठून आत घातला याला काही किंमत नाही, कीड कुठल्या पृष्ठभागावर आहे ते बघायचं. प्रीमोलर-मोलरच्या शेजारच्या दाताला टेकणाऱ्या बाजूवर कीड असेल तर क्लास टू, मग तुम्ही चावायच्या बाजूने आत गेलात तरी. आणि वरच्या इन्सायझरच्या मागच्या पिटमधली कीड क्लास वनच, पुढचा दात आहे म्हणून लगेच क्लास थ्री म्हणू नका (व्हायव्हात हा हमखास येतो).

ऑक्लुजलला २४५ नंबरचा बर वापरला. त्याचं डोकं ३ मिमी लांब असतं, म्हणजे सेंट्रल फिशरमध्ये अर्धं आत गेलं की १.५ मिमी खोली झाली. प्लास्टिकच्या दातात इनॅमल संपून डेंटिन कधी लागलं ते कळत नाही ना, त्यामुळे हा हिशोब लागतोच. रुंदी कस्पच्या टोकांमधल्या अंतराच्या पाव भाग. नीट दिसत नाही म्हणून रुंद करत सुटायचा मोह होतो पण त्याने कस्प कमकुवत होतात.

खरी मजा बॉक्समध्ये. मीझियल रिजकडे जाताना ३५ ला बर लागू नये म्हणून बाहेरची पातळ भिंत मुद्दाम ठेवायची, तिच्या आतून बर हळूहळू हिरडीकडे उतरवायचा आणि शेवटी ती भिंत हॅचेटने हातानेच तोडायची, मध्ये मॅट्रिक्स बँड लावला तर अजून बरं. खालची सीट कॉन्टॅक्टच्या खाली जाऊन शेजारच्या दातापासून साधारण ०.५ मिमी सुटली पाहिजे. एक्सप्लोररचं टोक मधून आरपार गेलं नाही तर कॉन्टॅक्ट अजून सुटलेला नाही.

बकल-लिंग्वल भिंती वरच्या बाजूला किंचित जवळ आलेल्या हव्यात. एक डोळा मिटून सरळ वरून बघा, भिंत तळापर्यंत पूर्ण दिसतेय म्हणजे ती बाहेर झुकलीय आणि अमाल्गम वर उचकटून येणार. पण बॉक्समधून शेजारच्या दाताकडे सरकण्यापासून त्याला अडवतो तो ऑक्लुजलचा डव्हटेल, ते काम या भिंतींचं नाही.

आणि पल्पल फ्लोअर जिथे अ‍ॅक्सियल भिंतीला मिळतो ती कड गोल करायची, सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच. ती टोकदार राहिली की ताण तिथेच एकवटतो आणि भरलेलं अमाल्गम नेमकं अरुंद भागात, म्हणजे इस्थमसला, तुटतं. जिंजायव्हल मार्जिन ट्रिमर फिरवला की काम होतं.

पुढच्या वेळी हाच दात एमओडी करणार, डिस्टलला आरशातूनच बघावं लागतं त्यामुळे हात वेगळाच चालतो.