सोनं काढलं आणि पाणी ठेवलं

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक काम आलं. 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो, त्यासाठी मुंबईच्या गोदीतल्या स्फोटावर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ हवा होता. लेखन माझ्याकडे. संपादकांची अट नेहमीचीच होती: ताण शेवटपर्यंत चढत गेला पाहिजे, आणि ऐकणारा चमकेल अशी एकच गोष्ट हवी. दोन नकोत.

माहितीची ददात नव्हती, उलट ती फारच होती. 1944 साल, महायुद्ध चालू. फोर्ट स्टिकिन नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे 12 एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकला लागलं. त्यात जवळपास 1,400 टन दारूगोळा होता, कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी होत्या आणि 31 पेट्यांत सोन्याच्या विटा होत्या. 14 तारखेला दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. 3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम सुटला आणि 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले.

पहिला मसुदा मी सोन्याने सुरू केला. स्फोटाबरोबर सोन्याच्या विटा शहरावर उडाल्या, हे ऐकलं की कुणीही थांबतोच. मसुदा 171 शब्दांचा झाला. आमच्या निवेदिका ताईंनी तो वाचला तेव्हा घड्याळात 79 सेकंद झाले. मराठीत ताण धरून, श्वास घेत वाचायचं तर चाळीस सेकंदांत ऐंशी-पंच्याऐंशी शब्दच बसतात. त्यात नुसतं साल उच्चारायलाच दीड-दोन सेकंद जातात. म्हणजे अर्ध्याहून जास्त मजकूर काढायचा होता.

सिमल्यापर्यंत हादऱ्याची नोंद झाली होती, ते काढलं. सरकारने बातमी मे महिन्यापर्यंत दाबून ठेवली होती आणि जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी ती जगाला सांगितली, हे काढताना जीवावर आलं. गोष्ट मोठी आहे, पण ती स्फोटानंतरची. स्फोटानंतर आणखी काही सांगू लागलो की चढत आलेला ताण तिथंच सांडतो.

शंभरावर शब्द आले, सोनं अजून तसंच. मग आम्ही नेहमी करतो ते केलं. शेजारच्या ऑफिसातल्या तिघांना एकदाच ऐकवलं आणि पंधरा मिनिटांनी विचारलं, काय लक्षात राहिलं? तिघंही म्हणाले, सोनं. मरणाऱ्यांचा आकडा एकालाही सांगता आला नाही. एकाने तर विचारलं, "मग त्या विटा कुणाला मिळाल्या?" कथा ज्या जवानांसाठी लिहिली होती, ते कुठंच राहिले नव्हते. मी सोनं शेवटी नेऊन पाहिलं. ते जास्तच वाईट वाटलं. 66 माणसं गेल्याचं सांगून लगेच विटांविषयी बोलणं मला जमेना.

त्या दिवशी वाट दाखवली ती व्हिडिओ जुळवणाऱ्या आमच्या मुलाने. तो यवतमाळकडचा, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. मी त्याला म्हणत होते, 900 टन पाणी मारलं तरी आग विझली नाही, यावर लोक विश्वास कसा ठेवणार? तो म्हणाला, "ताई, गाठ पेटली की पाण्यानं विझत नाही. बाहेरून भिजते अन् आतमध्ये धुमसतच राहते. आमच्याकडं पेटलेली गाठ ओढून मैदानात नेत, पट्ट्या तोडत आणि फोडून विझवत."

हे ऐकलं आणि टिपणं पुन्हा काढली. आग होती दोन नंबरच्या कोठ्यात. खाली कापूस, वर स्फोटकं. दाबून बांधलेल्या शेकडो गाठी एकमेकींना चिकटून रचलेल्या, त्यामुळे एखादी ओढून बाहेर काढायला वावच नाही. दाट धुरामुळे आग नेमकी कुठं आहे तेही सापडत नव्हतं. जवान पाणी सोडत राहिले आणि आतल्या उष्णतेने ते पाणीच उकळू लागलं. ही ओळ मी दहादा वाचली असेन, पण आकड्यांच्या गर्दीत ती कधी दिसलीच नव्हती.

चमकवणारी गोष्ट हीच, हे तेव्हा ठरलं. सोनं स्फोटाच्या बाजूला पडतं, ते नसतं तरी सगळं असंच घडलं असतं. उकळणारं पाणी मात्र घटनेच्या ऐन मध्यात आहे. तोवर ऐकणाऱ्याला वाटत असतं की पाणी पडतंय म्हणजे आग आटोक्यात येणार. ती आशा त्या एका वाक्याने जाते आणि पुढची प्रत्येक वेळ जड होते. म्हणून ते वाक्य बरोबर चोविसाव्या सेकंदाच्या आसपास यायला हवं होतं. आधी आलं तर आशा धरायलाच वेळ मिळत नाही, आणि उशिरा आलं तर स्फोटाला चिकटतं.

आणखी एक वाक्य संपादकांनी काढायला लावलं. मी लिहिलं होतं, 'हुकूम आला, पण एकही जवान हलला नाही.' ते म्हणाले, "प्रत्येकाचं त्या क्षणी काय झालं, याचा पुरावा दे." पुरावा होता तो दोन वेळांचा. मग तेवढ्याच ठेवल्या. दोन्हींमध्ये सोळा मिनिटं आहेत, ती ऐकणारा स्वतः मोजतो.

रेकॉर्डिंगला नेलेली संहिता अशी होती:

"14 एप्रिल 1944. मुंबई, व्हिक्टोरिया डॉक. फोर्ट स्टिकिन जहाजात कापसाच्या गाठी. त्यांच्या वरच्या बाजूला स्फोटकं. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसतो. बंब येतात. पाणी सुरू होतं. धूर वाढतो. आग कुठं आहे, कुणालाच दिसत नाही. आणखी पाणी. शंभर टन नाही, दोनशे नाही, नऊशे टन. आग विझायला हवी. पण जहाजातलं पाणीच उकळू लागलंय. तीन पन्नास. हुकूम सुटतो, जहाज सोडा. चार वाजतात. चार वाजून पाच. चार वाजून सहा. (शांतता) त्या दिवशी अग्निशमन दलाचे 66 जवान परत आले नाहीत."

स्फोट हा शब्द यात कुठंच नाही. निवेदिका ताईंनी तो आधी वाचला होता, आवाज चढवून. मग म्हणाल्या, मी 'सहा'नंतर थांबून पाहते. दीड सेकंद थांबल्या. रेकॉर्डिंगच्या खोलीत आम्ही चौघं होतो, कुणी हललं नाही. जुळवणाऱ्या मुलाने तिथं पार्श्वसंगीतही बंद केलं, नुसती गोदीतल्या पाण्याची चुळबुळ ठेवली.

घड्याळात एकेचाळीस सेकंद आले. एक सेकंद कुठून काढायचा यावर बोलणं झालं. 'मुंबई' काढावं असं एक मत पडलं, मी ते मानलं नाही. शेवटी 'दुपारी' गेलं.

व्हिडिओ दिल्यावर शेजारच्या त्याच ऑफिसात मी पुन्हा गेले. सोन्याविषयी विचारणाऱ्याला ऐकवला आणि पंधरा मिनिटांनी तोच प्रश्न विचारला. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "66. आणि पाणी उकळत होतं ना? मग त्यांना कळलं असेल."