एक खोली, दोन पात्रे, पाच मिनिटे: लघुपटाची बांधणी करतानाचा माझा अनुभव

महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमातील प्रकल्पासाठी आम्हाला लघुपट करायचा होता आणि त्याच्या अटी मोजक्या होत्या: लांबी पाच मिनिटे, स्थळ एक, कलाकार दोन. श्रेयनामावलीही या पाच मिनिटांतच धरली जाणार होती. सुरुवातीच्या शीर्षकाला दहा आणि शेवटच्या नावांना वीस सेकंद दिल्यावर गोष्टीसाठी २७० सेकंद उरत होते. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून पाहावा लागणार होता.

गोष्ट ठरवताना मी विषयापासून सुरुवात केली नाही. एका पात्राला दुसऱ्याकडून नेमके काय हवे आहे आणि ते डोळ्यांना दिसेल असे आहे का, हे मी आधी शोधले. एकाला दुसऱ्याकडून माफी, आदर किंवा समजूत हवी असेल, तर ती मिळाली की नाही हे संवादातूनच सांगावे लागते, आणि साडेचार मिनिटांत संवादाला इतके ओझे पेलत नाही. म्हणून मी सही निवडली. बहीण-भाऊ आहेत, घर विकायचे आहे, ताई त्याच घरात राहते आणि भाऊ तिची संमतिपत्रावर सही घ्यायला आला आहे. सही होईल की नाही हा प्रश्न पहिल्या काही सेकंदांत प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो, आणि तो कागद पडद्यावर सतत दिसत राहू शकतो.

एवढ्यावर पाच मिनिटे निभावत नाहीत. भाऊ मागतो, ताई टाळते, भाऊ पुन्हा मागतो, असे चालू राहिले तर दुसऱ्या मिनिटानंतर गोष्ट जागच्या जागी फिरू लागते. दोन पात्रांच्या लघुपटांत हा दोष फार वेळा दिसतो, आणि तो ओळखायची एक सोपी खूण आहे: मधला एखादा संवाद वर किंवा खाली सरकवून पाहावा, आणि काहीच बिघडले नाही तर तिथे गोष्ट पुढे जात नाही असे समजावे. यावर मला सापडलेला उपाय असा, की मागितलेली वस्तू शेवटी न देता मध्येच देऊन टाकायची. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास ताई सही करते. तिथून प्रश्न उलटतो. ताई सही करेल का, हा प्रश्न संपतो आणि भाऊ तो कागद उचलेल का, हा नवा प्रश्न सुरू होतो. माझ्या मते इतक्या छोट्या चित्रपटाला असे एकच वळण पुरते. दोन वळणे घातली तर एकालाही श्वास घेता येत नाही.

मात्र ताईने अचानक सही करावी, तर त्यामागचे कारण पडद्यावर घडायला हवे. इथे मला एक लाकडी कपाट आणि त्याचा अडकणारा खण उपयोगी पडला. भाऊ म्हणतो, "ताई, सही तेवढी कर, ते लोक पाच वाजता येणार आहेत." ताई म्हणते, "आधी हा खण उघडून दे, माझ्याने निघत नाही." तो चिडतच कपाटाशी जातो, खण जरासा वर उचलतो, डावीकडे रेटतो आणि ओढतो, खण सहज निघतो. ही युक्ती त्याला कुणी सांगावी लागत नाही. हा मुलगा याच घरात वाढला, हे त्या एका कृतीतून कळते आणि त्यासाठी एकही वाक्य खर्ची पडत नाही. खणात घराच्या सगळ्या किल्ल्या आहेत आणि प्रत्येक किल्लीला ताईच्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली आहे: माळा, मागचे दार, पाण्याची टाकी. म्हणजे तिची तयारी तो यायच्या आधीच झाली होती. तो वळून पाहतो, तोवर ती टेबलाशी बसून सही करत असते.

बीट शीट, म्हणजे गोष्टीच्या टप्प्यांची यादी, मी चार भागांतच ठेवली आणि प्रत्येक भागासमोर संवादाऐवजी दोनच गोष्टी लिहिल्या: कागद कुठे आहे आणि वरचष्मा कुणाचा आहे. पहिली पस्तीस सेकंदे कागद टेबलावर, ताईसमोर असतो आणि जोर भावाचा असतो. तिथून १ मिनिट ४५ सेकंदांपर्यंत ताई कागदाला हात न लावता त्याला या ना त्या कामाला लावते, त्यामुळे जोर हळूहळू तिच्याकडे येतो. मग खण, किल्ल्या आणि सही. हा भाग सुमारे ३ मिनिटे ५ सेकंदांपर्यंत चालतो. उरलेल्या वेळात कागद टेबलावर सही होऊन पडलेला असतो आणि दोघांपैकी कुणीही तो उचलत नाही. ज्या भागासमोर या दोन रकान्यांत आधीच्या भागापेक्षा वेगळे काही लिहिता आले नसते, तो भाग मी काढून टाकणार होते. एका ठिकाणी नेमके तसेच झाले: खिडकीशी उभे राहून दोघे लहानपणीची आठवण काढतात असा तुकडा होता, तो लिहायला मला फार आवडला होता, पण कागदही जागचा हलत नव्हता आणि जोरही बदलत नव्हता. तो तुकडा गेला.

लांबी मोजण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा ठोकताळा इंग्रजी पटकथेच्या ठरावीक अक्षरवळणावर आणि मांडणीवर बसवलेला आहे; देवनागरीत टंकाचा आकार आणि समास बदलला की तो कोलमडतो. शिवाय खण उघडण्याची कृती पानावर दोन ओळींत मावते, पण करून पाहिली तर तिला वीस सेकंद लागतात. म्हणून मी संहितेची लांबी पानांवर मोजली नाही. दोन्ही कलाकारांना टेबलाभोवती बसवून वाचन घेतले, मग उभे करून हालचालींसह घेतले, आणि दोन्ही वेळा घड्याळ लावले. हालचालींसह घेतलेली वेळ बरीच जास्त भरली. तेव्हा मी मौनाच्या जागा कमी केल्या नाहीत, वाक्ये कमी केली. जी माहिती दोघांनाही आधीपासून ठाऊक आहे, ती त्यांनी एकमेकांना सांगायची नाही, हा नियम लावल्यावर बरीचशी वाक्ये आपोआप गळाली. वडिलांचा उल्लेख, घराचे वय, भाऊ कुठे नोकरी करतो, यातले काही उरले नाही आणि कशाची उणीवही भासली नाही.

एकच खोली असल्यामुळे चित्र साचेबंद होईल अशी भीती सर्वांनाच वाटते, आणि मग कॅमेऱ्याचे कोन वाढवण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. कोन पुष्कळ बदलले की पहिल्या मिनिटातच प्रेक्षकाची सगळी खोली पाहून होते आणि पुढे दाखवण्यासारखे काही राहत नाही. आम्ही खोली टप्प्याटप्प्याने उघडायची असे ठरवले. भाऊ आत येताना आम्ही दाखवलाच नाही. चित्रपट सुरू होतो तेव्हा तो टेबलाशी बसलेला आहे आणि कागद ताईपुढे सरकवतो आहे. पहिल्या भागात फक्त टेबल दिसते. दुसऱ्या भागात कपाटाची बाजू आणि मागची खिडकी दिसते. दाराची भिंत शेवटच्या भागापर्यंत चौकटीत येतच नाही. टेबल ते कपाट ही दोघांमधली कल्पित रेषा धरून कॅमेरा सतत तिच्या एकाच बाजूला ठेवला, म्हणजे भाऊ नेहमी उजवीकडे आणि ताई डावीकडे पाहत राहिली. शेवटी ताई उठून दाराकडे निघते तेव्हा तिच्या चालीबरोबर कॅमेरा वळतो, आणि रेषा प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत बदलत असल्यामुळे गोंधळ होत नाही.

गोष्ट सलग वेळेत घडते, मध्ये काळ उडत नाही, आणि याचा चित्रीकरणावर थेट परिणाम होतो. पडद्यावर पाचच मिनिटे जातात, पण खिडकीबाहेरचे ऊन दिवसभर सरकत असते. त्यामुळे ज्या शॉटमध्ये खिडकी दिसते ते सगळे आम्ही गोष्टीचा क्रम सोडून एका बैठकीत उरकले, आणि खिडकी नसलेले क्लोज-अप नंतर घेतले. क्रम सोडला की कागदाची जागा चुकण्याचा धोका असतो. इथे बीट शीटमधला तोच रकाना कामी आला. प्रत्येक टेकआधी तो पाहून कागद ठेवला जाई. निघण्यापूर्वी सर्वांना गप्प उभे करून खोलीचा नुसता आवाज मिनिटभर ध्वनिमुद्रित केला, कारण या चित्रपटात मौन पुष्कळ आहे आणि प्रत्येक टेकमधले मौन वेगळे ऐकू येते. जोडावर ते लपवायला हाच आवाज खाली पसरावा लागतो.

शेवट ठरवायला मला सर्वांत जास्त विचार करावा लागला. भावाने कागद फाडावा, असे आमच्या गटातील एका मित्राचे मत होते. ते नाट्यमय दिसले असते, पण घर विकण्याची त्याची गरज पहिल्याच मिनिटात मांडलेली आहे आणि सव्वा मिनिटात ती नाहीशी होणे मला खरे वाटले नाही. दुसरीकडे, त्याने कागद उचलून निघून जावे तर किल्ल्यांच्या प्रसंगाचा त्याच्यावर काहीच परिणाम झाला नाही असे ठरते. मधला मार्ग दारावरच्या घंटेने दिला. खरेदीदार येतात, तिसरा कलाकार अटीत बसत नाही, पण आवाज बसतो. घंटा वाजते, भाऊ कागदाकडे पाहतो, तो उचलत नाही, खुर्ची ओढून खाली बसतो. ताई क्षणभर थांबते आणि दार उघडायला निघते. दार उघडण्यापूर्वी चित्रपट संपतो. उद्या व्यवहार होईल की नाही हे आम्ही सांगितले नाही, पण आज तो कागद त्याच्या हातून दिला जाणार नाही, एवढे उत्तर मिळते.

संकलनात बांधणी फारशी हलली नाही; हलली ती घंटेची जागा. संहितेत ती भाऊ टेबलाशी परत आल्यावर वाजत होती. रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, पाहताना लक्षात आले, की त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा असतानाच ती वाजली तर त्याला दोन्हीकडे पाहावे लागते, आधी किल्ल्यांकडे आणि मग कागदाकडे, आणि कलाकाराने ती नजर एका टेकमध्ये आपणहून दिलेलीही होती. आम्ही घंटा सहा सेकंद अलीकडे आणली आणि त्यानंतरचे भावाचे एकुलते एक वाक्य, "आले वाटतं," काढून टाकले. शीर्षक आणि नावे धरून लांबी ४ मिनिटे ५२ सेकंद भरली, आणि त्याच स्वरूपात प्रकल्प जमा केला.