आंबोळीचे पंधरा तास आणि रुसलेले तारे

गेल्या खेपेला सांगितलं होतं, आईच्या आंबोळीचं पान गुगलवर नुसतं नाव घेऊन उभं राहतं आणि शेजारच्या रेसिपी तारे नि वेळ मिरवत असतात. तीन आठवडे रोज रात्री जेवणं आटोपली की ऐरोलीच्या घरात त्याच्यामागे बसलो. रेसिपीची माहिती गुगलला वाचता यावी म्हणून पानाच्या कोडमध्ये जो मार्कअप लिहायचा असतो, त्यात सक्तीचं असं फक्त नाव आणि फोटो. तेवढं पहिल्याच रात्री झालं. अडलो वेळेपाशी.

आईला विचारलं तर म्हणते, "आंबोळ्या? अर्ध्या तासाचं काम." तिच्या हिशेबात वेळ म्हणजे तवा तापल्यापासून शेवटची आंबोळी उतरेपर्यंत. तांदूळ-उडीद सहा तास भिजतात, वाटायला वीस मिनिटं, आणि पीठ आंबायला आमच्याकडे आठ तास, हे ती धरतच नाही. मीही आधी वाटण आणि तवा एवढंच भरलं. बेरीज ५० मिनिटं. मग लक्षात आलं, संध्याकाळी सात वाजता "५० मिनिटं" वाचून कुणी पान उघडलं तर रात्री उपाशीच झोपेल.

भिजवण्या-आंबवण्यासाठी वेगळा रकाना नाही. ते चौदा तास `prepTime` मध्ये कोंबले तर माणूस चौदा तास ओट्याशी उभा आहे असं दिसतं. शेवटी हाताचं काम `prepTime` आणि `cookTime` मध्ये ठेवलं (हे दोन्ही जोडीनेच द्यायचे असतात) आणि वाट पाहण्याचा वेळ फक्त एकूण वेळेत मिळवला:

```json
"prepTime": "PT20M",
"cookTime": "PT30M",
"totalTime": "PT14H50M"
```

इथला `T` विसरू नका. `P30M` लिहिलं तर त्याचा अर्थ तीस महिने होतो. लिहिण्याच्या पद्धतीनुसार ते बरोबरच असल्यामुळे माझ्या चाचणीत साधी सूचनाही आली नव्हती. मीच पुन्हा वाचताना सापडलं.

आता तारे. पानावर मत द्यायची सोय केली, पण सुरुवातीला मत एकही नव्हतं. माझा साचा तरीही तारांकनाचा तुकडा छापत होता, `ratingCount` शून्य. त्यावर त्रुटी आली, कारण ही संख्या शून्याच्या वर असावी लागते. आता मत आल्याशिवाय तो तुकडा छापतच नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची वाहवा मोजून पाच तारे लावायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण नियम सरळ आहे: मतं वाचकांनीच दिलेली हवीत आणि पानावर दिसायलाही हवीत. लपूनछपून लावलेल्या ताऱ्यांवर गुगल हाताने कारवाई करतं, मग त्या साइटचे असे सजवलेले निकालच बंद.

पंधरा दिवसांत सात मतं जमली. पाच जणांनी पाच तारे दिले, एकाने चार, आणि एकाने दोन. दोनवाल्याने एसीच्या खोलीत पीठ ठेवलं होतं, फुगलंच नाही म्हणे. बेरीज ३१, सरासरी ४.४. खूश होऊन चाचणी लावली, तर रेसिपी म्हणून काहीच ओळखलं जाईना. वेळ गेली, फोटो गेला, सगळंच. गुगल साइटमालकाला त्रुटी दाखवतं त्या सर्च कन्सोलमध्ये तक्रार होती की मार्कअप वाचताच येत नाही.

दोन रात्री स्वल्पविराम शोधण्यात घालवल्या. मग पानाचा सोर्स उघडून ओळ न् ओळ वाचली:

```json
"ratingValue": ४.४,
"ratingCount": ७
```

पानावर आकडे मराठीत दिसावेत म्हणून मी एक छोटं फंक्शन लिहिलं होतं, माझ्या मते या साइटवरचं सगळ्यात देखणं काम. साचा तेच रूपांतरित आकडे मार्कअपलाही देत होता. हा मार्कअप ज्या जेसन पद्धतीत लिहितात, तिला देवनागरी अंक म्हणजे अंकच वाटत नाहीत, आणि एका ठिकाणी अडलं की वाचणारा अख्खा तुकडा टाकून देतो. अवतरणचिन्हांत घातले तर तुकडा वाचला जातो, पण त्यातले आकडे मग आकडे राहत नाहीत. वेळेलाही हेच लागू, `PT१४H५०M` चालणार नाही. म्हणून आता आकडा साठवतो तो `4.4` असाच, आणि वाचकाला दाखवताना अगदी शेवटी मराठी करतो.

चाचणी स्वच्छ झाल्यावर पान पुन्हा तपासायला पाठवलं. तरी तारे दिसतीलच याची हमी गुगल देत नाही. परवा वाशीच्या मावशीच्या फोनवर तारे आणि वेळ दोन्ही दिसले, माझ्या लॅपटॉपवर अजून नाहीत. मावशी तारे सोडून वेळेकडेच बघत होती. म्हणाली, "पंधरा तास? थंडीत तर माझं पीठ बारा तासांतही फुगत नाही, ते कुठं लिहिलंयस?" ते कृतीत घातलंय. मार्कअपमध्ये मात्र उन्हाळ्याचाच वेळ ठेवलाय, कारण एका पानावर एकूण वेळ एकच देता येते.