मांडे की मंडिगे

बुधवार, रात्री साडेदहा

आईच्या मांड्यांचा व्हिडिओ एकदाचा यूट्यूबवर चढवला. शूटिंगला दोन तास लागले, आणि नावावर अख्खी संध्याकाळ गेली. बेळगावात राहून असलं होणारच. आमचे मांडे ते कन्नड घरात मंडिगे. मांडे असं लिहून ठेवलं, तर मंडिगे म्हणून शोधणाऱ्याला ते सापडणार कसे?

आधी नेहमीसारखं केलं. वर्णनात वर मराठी, खाली कन्नड. बघितलं तर वर्णनाच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी सगळं ‘more’च्या आत. म्हणजे कन्नड माणूस मराठी मजकूर उघडून, खाली जाऊन आपली भाषा शोधणार? मी तरी शोधली नसती.

मग यूट्यूब स्टुडिओत भाषांच्या पानावर गेले. व्हिडिओची मूळ भाषा मराठी ठेवली, कन्नड जोडली आणि तिथं शीर्षक व वर्णन वेगळं भरलं. लॅपटॉपवर इनकॉग्निटो विंडोत यूट्यूबची भाषा कन्नड केली, तर ‘मंडिगे’चं शीर्षक दिसलं. खुशीत वरच्या मजल्यावर अक्कांना दाखवायला गेले. त्यांच्या घरात पाच पिढ्या कन्नडच, पण फोनवर मराठी शीर्षक!

फोन इंग्रजीत होता ना. यूट्यूब बघतं ती ॲपला लावलेली भाषा, घरात काय बोलतात ते नव्हे. आणि त्या भाषेत शीर्षक भरलेलं नसेल, तर मूळचंच दाखवतं. आमच्या गल्लीत फोन मराठीत किंवा कन्नडमध्ये लावलेला माणूस मला तरी आठवेना.

मग इंग्रजी शीर्षकही भरावं असं वाटलं. `Mandige | Mande | Belagavi` असं टाइपही केलं. पण कोल्हापूरच्या मावशीचा फोनही इंग्रजीतच. तिला बहिणीच्या हातचे मांडे रोमन अक्षरांत दिसणार. पुसून टाकलं.

शेवटी दोन्ही वाटा धरल्या. मूळ शीर्षकात ‘मांडे’च्या शेजारी ‘मंडिगे’ कन्नड लिपीत घातलं. एवढंच, कारण मर्यादा १०० अक्षरांची असली तरी यादीत लांब शीर्षक मधेच कापलं जातं. मूळ वर्णनाची पहिली ओळ मराठी, दुसरी कन्नड. साहित्य आणि कृती त्याखाली मराठीत. कन्नडच्या रकान्यात मात्र सगळं कन्नडच, कृतीसकट. इंग्रजी रिकामं. अक्कांच्या फोनवर आता निदान ‘मंडिगे’ वाचता येतं.

आत्ता झोपायला निघाले, तर आई म्हणाली, “तूप दोन चमचे नाही गं, चार.” मराठीत दुरुस्त केलं. कन्नड वर्णन वेगळं साठवलेलं, तिथं दोनच राहिले होते. लॅपटॉप परत उघडला.